पान वाढलं, पण कोणतं?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. आठवड्यातून एकदा मुलांना कोडी घालते. नारळाचं, कणसाचं, छत्रीचं कोडं मुलं पटकन ओळखतात. पण शब्दावर कोटी असलेलं कोडं आलं की वर्ग गप्प होतो. उत्तर सांगितलं की सगळे हसतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारावं तर गंमत कशात होती हे एकालाही सांगता येत नाही. श्लेष हा अलंकार आपण वरच्या वर्गांत शिकवतो. मग दुसरीतल्या मुलांकडून ही अपेक्षाच चुकीची आहे का? दुसरं असं, की मी वर्गात अर्थ नसलेली बडबडगीतंही म्हणून घेते. काही पालक विचारतात, अशानं मुलांची भाषा बिघडणार नाही का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमची अपेक्षा चुकीची नाही. सात वर्षांच्या मुलाला श्लेष कळू शकतो आणि थोडी तयारी झाली की ते स्वतः कोटीही करू लागतं. अडचण आहे ती क्रमाची. आपण कोडं आधी घालतो, उत्तर मागून सांगतो आणि शब्दाचे दोन अर्थ सर्वांत शेवटी समजावतो. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर हा क्रम नेमका उलटा हवा. दोन्ही अर्थ त्याच्या हाती आधी आलेले असावेत, म्हणजे कोडं ऐकताना ते दोन्ही एकाच वेळी जागे होतील. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरंही एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण बडबडगीत हीच श्लेषाची पहिली पायरी आहे.

नारळाचं कोडं का सुटतं?

कोडं, उखाणा, हुमाण, आहणा अशा नावांनी आपल्याकडे जी कोडी चालत आली, त्यांतली बहुतेक वर्णनाची आहेत. नारळाचंच कोडं घ्या : दाढी म्हणजे शेंडी, गोरं अंग म्हणजे खोबरं, पोटातलं पाणी म्हणजे नारळपाणी. मूल मनात वस्तू आणतं, तिच्या अंगाला एकेक खूण लावून पाहतं आणि ओळखतं. यात शब्दाकडे बघावंच लागत नाही. नारळाला दुसरं काही नाव असतं तरी कोडं तसंच राहिलं असतं.

श्लेषाच्या कोड्यात मात्र वस्तू सोडून शब्दाकडे पाहावं लागतं, आणि लहान मुलाला नेमकं हेच जड जातं. त्याच्या दृष्टीनं शब्द हा वस्तूचाच एक भाग असतो. तुमच्या वर्गात एक साधी चाचणी घेऊन पाहा. एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारा, “बैल आणि फुलपाखरू, यांतला कोणता शब्द लांब आहे?” काही मुलं “बैल” म्हणतील, आणि कारण विचारलं तर “तो मोठा असतो” असं सांगतील. पियाजेच्या वाटेनं गेलेल्या संशोधकांनी मुलांना असेच प्रश्न विचारले आणि त्यांना अशीच उत्तरं मिळाली. जे मूल “बैल” म्हणतं, त्याला अजून शब्द वस्तूपासून सुटा करता येत नाही. त्याला श्लेष समजावून सांगण्यात अर्थ नाही. ते इतरांबरोबर हसेल, पण ते हसणं सोबतीचं असेल. साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान हा बदल घडतो आणि एकाच वर्गात तो झालेली व न झालेली अशी दोन्ही मुलं असतात. म्हणून दुसरीचा अर्धा वर्ग गप्प राहिला, तर त्यात नवल नाही.

आधी शब्द सुटा करायचा

शब्द वस्तूपासून सुटा करण्याचं काम निरर्थक गाणी फार चांगलं करतात. रशियन कवी कोर्नेय चुकोव्स्की यांनी ‘दोन ते पाच’ या पुस्तकात लहान मुलांच्या बोलण्याचा बारकाईनं अभ्यास मांडला आहे. त्यात त्यांच्या मुलीचा एक प्रसंग आहे. ती पुरती दोन वर्षांचीही नव्हती. एके दिवशी तिनं येऊन जाहीर केलं की कुत्रा ‘म्यांव’ करतो, आणि ती खूप हसू लागली. वडिलांनीही तोच खेळ पुढे चालवला. चुकोव्स्कींचं म्हणणं असं, की कुत्रा भुंकतो हे पक्कं ठाऊक झाल्यावरच मुलाला ही उलटापालट सुचते आणि आवडते. ज्याला खरा क्रम ठाऊक नाही, त्याला उलटा क्रम गमतीचा वाटणारच नाही. पालकांना तुम्ही हेच सांगू शकता. अर्थ नसलेल्या ओळीवर मूल हसतं तेव्हा अर्थ कुठे असायला हवा होता हे त्याला कळलेलं असतं. भाषा बिघडल्याची ती खूण नव्हे, बसल्याची आहे.

शिवाय निरर्थक शब्द घडवण्याचं एक यंत्र मराठीत प्रत्येक मुलाच्या तोंडी आधीच असतं. चहा-बिहा, पाणी-बिणी, दप्तर-बिप्तर. शब्दाच्या सुरुवातीचा आवाज काढायचा आणि तिथे ‘बि’ बसवायचा. हा नियम कुणी शिकवलेला नसतो, तरी चार वर्षांचं मूल तो बिनचूक वापरतं. म्हणजे शब्द फोडण्याची कसरत ते रोज करतंच. आपण फक्त ती त्याच्या ध्यानात आणून द्यायची. वर्गात फिरत्या पद्धतीनं हा खेळ घ्या. तुम्ही शब्द द्या, मुलानं जोडी सांगायची. मुलं रंगात आली की ‘बिबट्या’ हा शब्द द्या. इथे नियम अडतो, कारण ‘बि’ आधीच हजर आहे. मुलं थांबतील, हसतील आणि काहीतरी नवं शोधतील. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात बिबट्या हा प्राणी नसून ‘बिबट्या’ हा आवाज असतो.

या खेळातून श्लेषाकडे जाणारी वाटही आहे. कधीकधी ‘बि’ लावून तयार झालेल्या निरर्थक शब्दाला योगायोगानं खरा अर्थ निघतो. अशा शब्दावर चार ओळी रचता येतात :

“फळबिळ आण जा,” म्हणाली आई,
फळ मिळालं, बिळ मिळत नाही.
हिंडून हिंडून बाजार संपला,
उंदीर म्हणाला, “बीळ? ते आपलं, चला!”

पहिल्यांदा नुसतं चालीवर म्हणा आणि काही समजावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एखादं मूल उंदराच्या ओळीवर इतरांच्या आधी हसेल. ज्यांना शब्द ऐकू येऊ लागला आहे अशी मुलं तुम्हाला तिथे ओळखू येतील.

दुसरा खेळ बंगाली कवी सुकुमार राय यांच्याकडून घेता येईल. 1923 साली आलेल्या त्यांच्या ‘आबोल ताबोल’मध्ये दोन प्राण्यांची नावं एकमेकांत अडकवून नवेच प्राणी तयार केले आहेत. एका नावाचा शेवट जिथे दुसऱ्याच्या सुरुवातीला जुळतो तिथे जोड बसतो. मराठीत बदक आणि कबूतर यांचा ‘बदकबूतर’ होतो, ससा आणि साप यांचा ‘ससाप’. मुलांना त्याचं चित्र काढायला सांगा. चित्रापेक्षा जोड शोधण्यात जास्त शिकणं आहे, कारण त्यासाठी नावाचं टोक कानानं चाचपावं लागतं. माकड आणि डास यांचा जोड तर आणखी पुढे जातो :

माकड, डास झाले एक,
नाव ठेवलं ‘माकडास’.
एके रात्री ओरड झाली,
“माकडास चावला माकडास!”

यातला एक ‘माकडास’ प्राण्याचं नाव आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ‘माकडाला’. मात्र ही ओळ तिसरी-चौथीसाठी ठेवा. दुसरीतलं मूल बोलताना ‘माकडाला’ म्हणतं. ‘-स’ हा प्रत्यय त्याच्या बोलण्यात रुळलेला नसतो, त्यामुळे त्याला एकच अर्थ दिसेल.

मग दोन्ही अर्थ हाती द्यायचे

कोणत्याही श्लेषाची अट हीच असते. दोन्ही अर्थ मुलाच्या रोजच्या वापरातले हवेत. एक अर्थ तिथेच सांगावा लागला, तर कोडं राहत नाही, शब्दार्थाचा तास होतो. एकच शब्द घेऊन हे कसं करायचं ते पाहू. शब्द आहे ‘पान’.

पहिल्या दिवशी कोडं घालूच नका, फक्त पानं गोळा करा. अंगणातलं पिंपळाचं पान आणा, वहीचं पान मोजा, कुणाच्या घरी पूजेला विड्याची पानं आणली असतील तर एक मागवा. जेवणाचं पान मात्र आजच्या मुलांच्या कानावर क्वचितच पडतं, कारण घरी ‘ताट’ म्हणतात. म्हणून शाळेत दुपारचा आहार वाढला जाईल तेव्हा तुम्हीच म्हणा, “पानं वाढली आहेत, चला.” स्टीलच्या ताटाला पान का म्हणायचं, असं कुणी विचारलंच तर केळीच्या पानाची आणि पळसाच्या पत्रावळीची गोष्ट सांगा. पूर्वी ताडाच्या पानांवर लिहीत, हेही त्याला जोडून सांगता येईल. चारही अर्थ एकमेकांशी असे नात्यानं बांधले गेले की लक्षात राहतात.

एक-दोन दिवसांनी सगळे अर्थ उघडे ठेवणारं कोडं घाला :

झाडावरती हिरवं दिसतं,
वहीमध्ये कोरं,
चुना-कात लावून घेतं,
वाढलं की धावतात पोरं.

हे सोपं आहे आणि सोपंच असायला हवं. मुलाला इथे एवढंच कळायचं आहे, की अनेक वस्तूंना एकच नाव असू शकतं आणि कोड्याचं उत्तर वस्तू नसून ते नाव आहे.

त्यानंतर दोन अर्थ समोरासमोर आणा. फळ्यावर दोन वाक्यं लिहा : “परसात पान वाढलं, कुणी धावलं नाही. स्वयंपाकघरात पान वाढलं, सगळे धावले.” असं का, एवढंच विचारा. इथे ‘पान’ तर दुहेरी आहेच, ‘वाढलं’सुद्धा दुहेरी आहे. एका ठिकाणी ते मोठं झालं आणि दुसऱ्या ठिकाणी ताटात पडलं. मुलं बहुधा ‘पान’ आधी पकडतात. ‘वाढलं’ पकडायला वेळ लागतो, कारण वस्तूच्या नावापेक्षा क्रियेच्या नावाकडे लक्ष जाणं कठीण असतं. थांबा, सांगू नका.

आता खरं कोडं घालायचं, ज्यात एक अर्थ लपलेला आहे : “असं कोणतं पान, जे झाड वाढवत नाही, आई वाढते?” लगेच उत्तर आलं नाही तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत लटकत ठेवा. मदत करायची झाली तर अर्थ सांगण्याऐवजी त्या जागेची आठवण द्या. “काल दुपारी आपण जेवायला बसलो तेव्हा मी काय म्हटलं होतं?” एवढं पुरतं. उत्तर मुलाच्या तोंडून आलं तर कोडं त्याचं होतं. तुमच्या तोंडून आलं तर ते दुसऱ्या दिवशी विसरलं जातं, आणि तुमच्या वर्गात आज नेमकं हेच घडतं आहे.

शब्द निवडताना तो, ती, ते लावून पाहा

‘पान’ इतकं चांगलं चालतं याला एक व्याकरणाचं कारणही आहे. त्याचे चारही अर्थ नपुंसकलिंगी आहेत. ते पान, पानावर, पानं, असं सगळीकडे एकच रूप. मराठीत पुष्कळ दुहेरी शब्द लिंगावर आपटून फुटतात. माणसाचं ‘नाव’ ते, नदीतली ‘नाव’ ती. गळ्यातला ‘हार’ तो, सामन्यातली ‘हार’ ती. “कोणती नाव…” असं म्हणताच होडी उघडी पडते, आणि “कोणतं नाव…” म्हटलं तर होडी बाहेरच राहते. कोडं जमवण्यासाठी चुकीचं लिंग वापरलं तर मुलं ते ऐकून घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

म्हणून शब्द निवडला की दोन्ही अर्थांना तो-ती-ते लावून पाहा. जुळले तर तो शब्द बिनधास्त वापरा. बसायचा पाट आणि पाण्याचा पाट दोन्ही पुल्लिंगी, म्हणून “पाटावर बसलो, कोरडा राहिलो, पाटात बसलो, भिजलो” हे जमतं. पाटी, चिमणी, धार, घडी हे शब्दही असेच दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहेत. लिंग जुळलं नाही, तर लिंग न दाखवणारं क्रियापद शोधा. ‘बुडेल’ किंवा ‘बुडत नाही’ या रूपांत लिंग दिसत नाही. हाताचं बोट ते आणि समुद्रातली बोट ती, तरीही “वाटीभर पाण्यात बोट बुडेल का?” हा प्रश्न निर्दोष आहे. वर्ग एकमुखानं “नाही” म्हणेल. मग एक मूल हळूच आपलं बोट वाटीत बुडवून दाखवेल. हे कोडं दुसरीत हमखास घ्यावं, कारण त्याचं उत्तर तोंडानं सांगावं लागत नाही.

अक्षरांची कोडी थोडी उशिरा

“मधलं अक्षर काढलं तर काय उरेल?” या जातीची कोडी मुलांना फार आवडतात. पण ती वाचता येणाऱ्यांचीच आहेत. गाजर पाटीवर तीन अक्षरांचं असतं, तोंडात मात्र ‘गा-जर’ असे दोनच ठोके पडतात. टाळ्या वाजवून शब्द तोडायला लावलं तर मूल दोन टाळ्या वाजवील, आणि ते कानाला धरून बरोबरच आहे. म्हणून अशी कोडी बोलून घालू नका. शब्द फळ्यावर लिहा आणि अक्षर डस्टरनं पुसा. गाजरातलं पहिलं अक्षर पुसलं की साडीच्या काठाला असते ती ‘जर’ उरते, मधलं पुसलं की माठातल्या पाण्यासारखं ‘गार’, आणि शेवटचं पुसलं की समुद्राची ‘गाज’. मुलं सरावली की हे विचारा : “कोणत्या पक्ष्याचं मधलं अक्षर उडालं तरी रंग उडत नाही?” कावळ्यातला ‘व’ गेला तरी ‘काळा’ उरतोच. इथे अक्षरांच्या खेळात ‘उडणं’ या शब्दावरचा श्लेषही आपसूक येतो.

शब्द फोडून होणारा श्लेष, ज्याला मोठ्या वर्गात सभंग श्लेष म्हणतात, त्याची सुरुवात गावांच्या नावांनी करावी. पुरात अडकलेल्या कोल्ह्याचं गाव कोणतं? पालीनं बांधलेल्या घराचा जिल्हा कोणता? कोल्हापूर आणि पालघर ही उत्तरं मिळाली की मुलं नकाशा घेऊन पुढची गावं स्वतः फोडू लागतात. तेव्हा एवढं मात्र सांगून ठेवा, की हा खेळ आहे, गावाला नाव खरंच असं पडलेलं नाही. नाहीतर एखादं मूल परीक्षेतही तेच लिहील. पुढची पायरी चारोळीची : “बाईंनी चारोळी आणायला सांगितली. एकीनं वही आणली, एकीनं वाण्याकडून पुडी आणली. चुकलं कोण?” एक चारोळी चार ओळींची आणि दुसरी खिरीत पडणारी. चुकलं कुणीच नाही, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना हे उत्तर विशेष पटतं.

कळलं हे कसं ओळखायचं?

“कळलं का?” असं विचारून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा मुलाला सांगा, की हे कोडं शेजारच्या वर्गातल्या मित्राला घाल, आणि ते कसं घालतं ते ऐका. ज्याला श्लेष कळलेला नाही ते मूल अर्थ जपतं आणि शब्द बदलतं. ते विचारील, “असं कोणतं ताट, जे आई वाढते?” झालं, कोडं मेलं. ज्याला कळलं आहे ते बाकी वाक्य कितीही मोडेल, पण ‘पान’ आणि ‘वाढते’ यांना हात लावणार नाही. ही खूण सहसा दगा देत नाही.

दुसरी खूण म्हणजे मुलाची स्वतःची कोडी. सुरुवातीची बरीचशी कोडी नुसता साचा असतात. “असा कोणता हत्ती, जो झाडावर चढतो?” “निळा हत्ती!” आणि मग खदखदून हसणं. यात श्लेष नाही, पण कोड्यात प्रश्न अवघड वाटावा आणि उत्तर अनपेक्षित असावं हे मुलाला उमगलं आहे. ही पायरी सर्वसाधारण आहे, तिला चूक म्हणू नका. त्याच साच्यातलं पण दुहेरी शब्दाचं एक कोडं त्याला परत घाला : “अशी कोणती चिमणी, जी उडत नाही, धूर सोडते?” काही आठवड्यांत साच्यात शब्द शिरू लागतो.

काही मुलं मात्र मागे राहतील. ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलतात त्यांना बहुधा शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. बैल-फुलपाखराच्या चाचणीत ती पास होतात आणि कोड्यात अडतात. अशा मुलांसाठी पानं गोळा करण्याचा दिवस आणखी वाढवा. आणि त्यांच्या घरच्या भाषेतला एखादा दुहेरी शब्द वर्गाला शिकवायला सांगा. कारण शब्द आणि वस्तू वेगळ्या असतात हे ज्यानं दोन भाषांत अनुभवलं आहे, त्याला श्लेषाचं तत्त्व उलट लवकर उमगतं.

एक वही ठेवा. तिच्यात मुलांनी सांगितलेले दुहेरी शब्द लिहा, प्रत्येकापुढे दोन छोटी चित्रं काढून घ्या आणि खाली शोधणाऱ्याचं नाव घाला. ‘श्लेष’ हा शब्द आता सांगायची घाई नको. पुढच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर व्याख्या लिहील, तेव्हा उदाहरण द्यायला या मुलांना पुस्तक उघडावं लागणार नाही.